खुलासा : पाण्यात बुडालं म्हणजे बाटलीचंच प्लॅस्टिक, असं नाही

"पाण्यात बुडेल ते सगळं बाटलीचं प्लॅस्टिक, एकाच पोत्यात भरा."

लातूरच्या भंगारवाल्यांच्या ग्रुपवर फिरणारा हा मेसेज चुकीचा आहे. पीईटीच्या बाटलीसारखंच पीव्हीसीही बुडतं. पीईटी वितळवायला साधारण २५० अंशांच्या वर तापवावं लागतं. तेवढ्या तापात पीव्हीसी करपून आम्लाची वाफ सोडतं. त्या वाफेनं पीईटी कमजोर पडतं, मालात काळे ठिपके येतात. मेलामाइनची ताटली तर वितळतच नाही, तिचे खडे तसेच राहतात.

मी वेचताना तळ बघतो. पीईटीच्या तळाशी मधोमध टिकलीएवढा ठिपका असतो, पीव्हीसीच्या तळाला सरळ शिवण. शंका आली तर दुमडून बघतो. घडीवर पांढरी रेघ उमटली की ती बाटली बाजूला.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.