टीव्हीवरची कात्री नेमकी कुणाच्या हातात?

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर चांगलीच जुंपली. लंडनचा आत्तेभाऊ एका हिंदी सिनेमातल्या सीनबद्दल भरभरून लिहीत होता आणि इकडे होटगी रोडवरची काकू ठासून सांगत होती, "असला सीनच नाही त्यात, मी रविवारी टीव्हीवर अख्खा बघितलाय." खरं तर दोघंही बरोबर होते. मग सगळ्यांनी मिळून सेन्सॉर बोर्डाला शिव्या घातल्या. माझ्या मते त्यातल्या निम्म्या चुकीच्या पत्त्यावर गेल्या.

थिएटरात 'ए' सर्टिफिकेटवर लागलेला सिनेमा आपल्याकडे टीव्हीवर तसाच दाखवता येत नाही. २००५ साली प्रतिभा नैथानी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने तसा आदेश दिला आणि पुढच्या वर्षी केबल टीव्हीच्या नियमांतही ते आलं. मग निर्माता किंवा चॅनेल काय करतं? स्वतःच सिनेमा कापतं, कापलेली प्रिंट बोर्डाकडे नेतं आणि 'यूए' मागतं. बोर्ड अजून काही काढायला सांगतं, पण पहिली कात्री बहुतेक वेळा ज्याला सिनेमा विकायचाय त्याचीच असते. आणि तो घाबरून जरा जास्तच कापतो, कारण पुन्हा खेटे घालायचे नसतात.

एवढं करूनही काम होईलच असं नाही. 'द डर्टी पिक्चर' आठवतोय? थिएटरात 'ए' होता. कापून-छाटून 'यूए' मिळवला, एप्रिल २०१२ मध्ये रविवारी दुपारी आणि रात्री लागणार म्हणून जाहिराती झाल्या. आणि ऐनवेळी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने सांगितलं, रात्री अकरानंतर दाखवा. म्हणजे सर्टिफिकेट हातात असूनही प्रक्षेपण रद्द. हा नियम की मूड?

ब्रिटनमध्ये हिशोब घड्याळावर चालतो. तिथे रात्री नऊ ही रेघ आहे. अठरा वर्षांवरच्यांसाठीचा सिनेमा त्याआधी साध्या चॅनेलवर चालत नाही, नंतर चालतो. म्हणून आत्तेभावाला तो सीन दिसला. आपल्याकडे 'ए' सिनेमासाठी अशी वेळच ठेवलेली नाही. रात्री दीड वाजताही तो कापूनच येणार. पोरं झोपलेली, आजी झोपलेली, जागा फक्त कारखान्यातून सेकंड शिफ्ट करून आलेला माणूस, आणि त्यालाही 'यूए'च!

परदेशी सिनेमांचं अजून वेगळं. 'ओपनहायमर' अमेरिकेत 'आर' होता, म्हणजे सतराच्या आतल्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश; आपल्याकडे 'यूए'. एका सीनमध्ये नायिकेच्या अंगावर कॉम्प्युटरने काळा ड्रेस चढवला होता. त्यावेळच्या बातम्यांप्रमाणे ही आवृत्ती कंपनीनेच तयार करून दिली होती. खालचं सर्टिफिकेट मिळालं की तिकिटं जास्त खपतात, सरळ धंदा आहे.

आता कापलंय हे ओळखायचं कसं? सिनेमाच्या सुरुवातीला सर्टिफिकेट येतं तेव्हा चहा आणायला उठू नका. थिएटरात 'ए' होता आणि इथे नंतरच्या तारखेचं 'यूए' दिसलं, तर ती टीव्हीसाठीची आवृत्ती. दुसरी खूण पार्श्वसंगीताची. चित्र गुळगुळीत जोडता येतं, पण मागची धून मधेच उडी मारते. लक्ष देऊन ऐकलं तर टाका लगेच कळतो.

मात्र नुसती मिनिटं मोजून भांडू नका. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमवर शूट होतो, आपलं टीव्ही प्रक्षेपण २५ च्या हिशोबाचं. त्यामुळे बरेचदा सिनेमा किंचित पळवून दाखवतात. दीडशे मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो आणि एकही फ्रेम कापलेली नसते. आमच्या ग्रुपवर "सहा मिनिटं गायब" म्हणून जो बोंबाबोंब करत होता, त्याने हे वाचावं.

आपल्या सोलापुरात तर यासाठी परदेशही लागत नाही. पूर्व भागात एका घरात तोच सिनेमा तेलुगूत चालू असतो आणि शेजारी हिंदी डबिंग. दोन्हीत फरक निघू शकतो, कारण डब केलेल्या आवृत्तीला बोर्डाकडून वेगळं सर्टिफिकेट घ्यावं लागतं.

माझा कापण्याला सरसकट विरोध नाही. संध्याकाळी आठला घरात सगळे जेवायला बसलेले असताना काय दाखवावं, याची मर्यादा हवीच. सिनेमाच्या कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर 'यूए'मध्ये ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे आले, टीव्हीसाठी वेगळं सर्टिफिकेट देण्याची तरतूदही कायद्यातच आली. चांगलं झालं. पण रात्री अकरानंतर पूर्ण 'ए' सिनेमाला जागा द्यायला काय हरकत आहे? आणि कापलाच असेल तर सुरुवातीला एक ओळ टाका: टीव्हीसाठी संपादित, मूळ लांबी इतकी मिनिटं. कुणी सिगारेट पेटवली की कोपऱ्यात लगेच इशारा झळकतोच ना, मग या ओळीलाच जागा कमी पडते का?