दोन टक्क्यांनी प्रजाती ठरत नाही, बाप्पा

फॉरवर्ड: "डीएनए मशीनमध्ये टाकला, दोन टक्के फरक आला की झाली नवीन प्रजाती! तुमचा-माझा डीएनए पण वेगळाच, मग प्रत्येक माणूस वेगळी प्रजाती का? नुसता रंग वेगळा असला तरी हे लोक नाव देऊन मोकळे."

भाचा प्राणीशास्त्र शिकतो, आणि हेच मला पाठवून विचारतो, "मामा, खरं आहे का हो?" कॉलेजात काय शिकवतात कोण जाणे.

माणसाचं आधी घेतो, कारण मूर्खपणा तिथंच जास्त आहे. डीएनएवरून प्रजाती ओळखायच्या या पद्धतीला बारकोडिंग म्हणतात, आणि त्यात अख्खा डीएनए वाचत नाहीत. पेशीत केंद्रकाबाहेर असणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय नावाच्या जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचतात. तो माणसामाणसांत जवळजवळ सारखाच असतो, फरक एका टक्क्याच्याही आत. माणूस आणि चिंपांझी यांच्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत मात्र फरक साधारण नऊ टक्के. पाहायची असते ती ही मधली फट: एका प्रजातीच्या आतला फरक किती आणि शेजारच्या प्रजातीशी किती. दोन टक्क्यांचा कोणताही कायदा नाही.

आणि फट दिसली म्हणजे काम संपलं असंही नाही. कोस्टारिकात 'ॲस्ट्रॅप्टेस फुल्गेरेटर' हे एकच फुलपाखरू समजलं जायचं. उडणारी फुलपाखरं जवळजवळ एकसारखी, पण अळ्या वेगवेगळ्या रंगांच्या आणि वेगवेगळ्या झाडांवर वाढणाऱ्या. २००४ मध्ये पॉल हेबर्ट, डॅनियल जॅन्झेन आणि सहकाऱ्यांनी ४८४ फुलपाखरांचा बारकोड काढला, तो अळ्यांचा रंग आणि खाद्यझाडं यांच्याशी ताडून पाहिला आणि म्हटलं, या दहा प्रजाती आहेत. २००६ मध्ये अँड्र्यू ब्रोवर यांनी तीच माहिती तपासून सांगितलं, किमान तीन आणि फार तर सात पक्क्या दिसतात. मशीन ठरवत असती तर हे भांडण झालंच नसतं.

रंगाचं म्हणाल, तर उन्हाळ्यात बांधावरच्या दगडावर गळ्याचा पंखा फुलवणारा सरडा पाहा. पंखा नराला, मादीला तसा नसतो. नुसत्या दिसण्यावर गेलो तर नवरा-बायकोच दोन प्रजाती होतील. म्हणून नर, मादी, पिल्लू वेगळे धरून बरेच नमुने मोजतात, खवले मोजतात, पायांची लांबी पाहतात आणि ज्या नमुन्यावरून जुन्या प्रजातीला नाव दिलं, त्या संग्रहालयातल्या मूळ नमुन्याशी ताडतात. नाव द्यायचं तर नव्या प्रजातीचाही एक मूळ नमुना ठरवून सांगावा लागतो.

अर्धं खरं एवढंच की, एकाच जनुकावर उड्या मारणारे असतात. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो. पूर्वी कधी दोन प्रजातींचा संकर झाला असेल, तर एकीच्या अंगात दुसरीचा मायटोकॉन्ड्रिया राहू शकतो, आणि बारकोड फसतो. हे केंद्रकातली जनुकं तपासल्यावरच कळतं. म्हणून भाच्या, पुढची बातमी आली की टक्का सोड. नमुने किती, कुठकुठले आणि केंद्रकातलं एक तरी जनुक पाहिलं का, ते विचार.