वर्धापनदिन अंकातल्या फटी आणि चुकीचे तुटलेले शब्द: आमचं उत्तर

"पानं वेळेत मिळाली, पण छापलेला अंक बघून वाईट वाटलं. पान 2 आणि 3 वर शब्दाशब्दांत बोटभर फटी. पान 5 वर उलटंच, 'नग-' इथे ओळ संपते आणि खाली 'रपालिका'. एका फोटोच्या बाजूला तर एकच शब्द अक्षरं सुटी करून ओळभर ताणलाय. इतकी वर्षं हेच काम करणाऱ्यांकडून ही अपेक्षा नव्हती. 2 स्टार."

नमस्कार साहेब,

तुमचा अंक परत टेबलावर पसरला आणि आमच्या ऑपरेटरला शेजारी बसवून ओळ न् ओळ पाहिली. चूक आमची आहे. मजकूर तुमच्याकडून स्वच्छ युनिकोडमध्ये आला होता, त्यात काही दोष नव्हता. वर्धापनदिनाचा अंक लोक जपून ठेवतात, म्हणून याचं जास्त वाईट वाटतं. नेमकं काय घडलं आणि पुढच्या अंकात काय बदलणार, ते इथेच सविस्तर लिहितो. तालुक्याची साप्ताहिकं आणि दिवाळी अंक लावणाऱ्या बाकीच्या मंडळींनाही हीच अडचण येते, त्यांनाही उपयोग होईल.

पान 2 आणि 3 जुन्या इंग्रजी स्मरणिकेच्या फाइलवरून बनवली होती. त्या पॅराग्राफ स्टाइलमध्ये भाषा `English: USA` अशीच राहिली. हायफनेशनची, म्हणजे ओळीच्या शेवटी हायफन देऊन शब्द तोडण्याची, खूण चालू होती, त्यामुळे ऑपरेटरला सगळं ठीक वाटलं. पण इंग्रजीच्या कोशाला देवनागरी शब्द कुठे तोडायचा हे कळत नाही. एकही शब्द तुटला नाही आणि उरलेली सगळी जागा शब्दांमधल्या फटींत गेली. अशी चूक ओळखायची खूण सोपी आहे: 4 सेंमीच्या कॉलममध्ये जस्टिफाय केलेली, म्हणजे दोन्ही कडा सरळ ठेवलेली, सलग पन्नास ओळींची मराठी बातमी आहे आणि ओळीच्या शेवटी एकही हायफन नाही, तर भाषा चुकलेली असण्याची शक्यता फार.

मराठीत हे इतकं का बोचतं, तेही सांगतो. हिंदीत 'विद्यार्थियों के लिए' हे तीन शब्द होतात आणि मधल्या दोन जागा थोड्या थोड्या ताणता येतात. मराठीत 'विद्यार्थ्यांसाठी' हा एकच शब्द. आपली शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, सामान्यरूपाने शब्द आणखी लांबतो. आठ कॉलमी पानाच्या एका कॉलममध्ये ओळीत जेमतेम चार-पाच शब्द मावतात, आणि लांब शब्द आला की तीनच.

तुमच्या पान 3 वरचीच एक ओळ घ्या: 'शहरातील सर्व खासगी', आणि पुढचा शब्द 'शिक्षणसंस्थांमध्ये'. कॉलम 113 पॉइंट रुंद, अक्षर 10 पॉइंटचं. पहिले तीन शब्द मिळून साधारण 70 पॉइंट आणि नेहमीच्या अडीच-अडीच पॉइंटच्या दोन जागा, म्हणजे 75. उरले 38. पुढचा शब्द सुमारे 57 पॉइंटचा, तो तुटल्याशिवाय बसतच नाही. मग ते 38 पॉइंट दोन जागांत वाटले गेले आणि एकेक जागा अडीचची साडेएकवीस पॉइंट झाली. तुम्ही बोटभर फट म्हणालात ती हीच.

हा शब्द 'शिक्षण-' असा तोडला असता तर हायफनसकट 27 पॉइंट आणखी भरले असते, तीन जागा मिळाल्या असत्या आणि प्रत्येक जागा सव्वापाच पॉइंटच्या आसपास आली असती. 'शिक्षणसं-' इथे तोडला तर जागा सव्वातीनवर येते, म्हणजे आकड्यात जास्त चांगली. पण खालच्या ओळीच्या सुरुवातीला 'स्थांमध्ये' वाचताना माणूस अडखळतो. माझं मत स्पष्ट आहे: थोडी मोठी फट चालेल, 'संस्था' फोडायची नाही. सव्वापाच तुमच्या डोळ्यांना खुपत असेल तर त्या ओळीतला 'सर्व' काढता येईल का, हे आम्ही संपादकांना विचारू. स्वतःहून तुमच्या मजकुराला हात लावणार नाही.

पान 5 वर नेमकी दुसरी टोकाची चूक झाली. फटी ऑपरेटरच्या लक्षात आल्या, त्याने घाईत भाषा मराठी केली आणि पान पाठवलं. हायफनेशनचा कोश अक्षरं बघतो, शब्दाची घडण बघत नाही. जोडाक्षराच्या मधे किंवा काना-वेलांटीच्या आधी तो तोडत नाही, पण पुढच्या कुठल्याही अक्षराआधी त्याला तोड चालते. त्याच्या लेखी 'नग-रपालिका' आणि 'नगर-पालिका' सारखेच. मराठी वाचणाऱ्याला मात्र 'नग' हा वेगळाच शब्द दिसतो. 'दुस-ऱ्या' हीसुद्धा तशीच तोड. नियमात बसते, पण ओळीच्या सुरुवातीला अर्धा र आला की डोळ्यांना रुतते. हायफनेशन चालू केलं की ओळींचे शेवट माणसानेच वाचावे लागतात. त्या रात्री ते कुणीच वाचले नाहीत.

यावर आमचा उपाय असा. इनडिझाइन या पानलावणीच्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या शब्दात आपण स्वतः ऐच्छिक हायफन घातला, म्हणजे `Ctrl+Shift+-`, तर तो शब्द तुटलाच तर तिथेच तुटतो, कोशाच्या मनाने दुसरीकडे तुटत नाही. ओळीत मावला तर हायफन दिसतच नाही. शब्दाच्या अगदी सुरुवातीला घातला तर तो शब्द तुटतच नाही. म्हणून वारंवार येणाऱ्या जोडशब्दांची आणि शब्दयोगी अव्ययांची एक छोटी यादी करायची आणि मजकूर पानावर ओतल्यावर त्यातल्याच `GREP` या शोधून बदलण्याच्या सोयीने एका दमात हायफन घालायचे:

```
Find:   (?<=\S\S\S)(साठी|मध्ये|पर्यंत|प्रमाणे|बरोबर)
Change: ~-$1

Find:   नगरपालिक
Change: नगर~-पालिक
```

यात दोन ठिकाणी जपावं लागतं. हायफन हलन्ताच्या पुढे पडला तर जोडाक्षर फुटतं आणि पाय मोडलेलं अक्षर उघडं दिसतं, म्हणून यादीत शब्दाचा तुकडा नेहमी पूर्ण अक्षरापासून सुरू करायचा. आणि हाच मजकूर तुम्ही वेबसाइटवर टाकणार असाल तर आधी हे हायफन काढून टाकायचे. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण साइटवर शोधताना शब्द सापडेनासा होऊ शकतो. तुमच्या वेबसाठीची फाइल आम्ही वेगळी, हायफन काढून देऊ.

जस्टिफिकेशनचे आकडेही आम्ही इंग्रजीच्या सवयीने ठेवले होते, ते आता बदलले. इंग्रजीत अक्षरं सुटी असतात, त्यांच्यामधे केसभर जागा वाढवली तरी कुणाला कळत नाही. अरुंद कॉलममध्ये तो मोठा आधार असतो. देवनागरीत तो आधार नाही. अक्षरांमधली जागा वाढवली की शिरोरेषा तुटते, कमी केली की मात्रा एकमेकींवर चढतात. म्हणून `Letter Spacing` तिन्ही रकान्यांत 0. `Glyph Scaling` 98, 100, 102. यात शिरोरेषा अक्षरासोबतच ताणली जाते, आणि दोन टक्क्यांचा फरक वाचणाऱ्याला जाणवत नाही. त्यापुढे गेलात तर एक ओळ बारीक आणि एक जाड दिसू लागते. `Word Spacing` 75, 100, 140. कंपोझर `Adobe World-Ready Paragraph Composer`. तो एकेक ओळ सुटी न बघता सगळा परिच्छेद बघून ओळी पाडतो, त्यामुळे एका ओळीची अडचण वरच्या-खालच्या ओळींत वाटली जाते.

वरच्या उदाहरणातली ओळ या 140 मध्येही बसत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. कमाल आकडा म्हणजे सक्तीची भिंत नाही. दुसरा मार्ग नसेल तर सॉफ्टवेअर तो ओलांडतं. प्रेफरन्सेसमध्ये `H&J Violations` चालू केलं की अशा ओळी पिवळ्या होतात. जितकी गडद पिवळी, तितकी मर्यादा जास्त मोडलेली. आता प्रत्येक पान पाठवण्याआधी या पिवळ्या ओळी एकेक करून बघायच्या असा आमचा नियम आहे. लागोपाठ दोनपेक्षा जास्त ओळींना हायफन नाही, परिच्छेदाचा शेवटचा शब्द तोडायचा नाही, आणि कॉलम बदलताना अर्धा शब्द इकडे अर्धा तिकडे ठेवायचा नाही, हेही स्टाइलमध्येच बसवलं आहे.

फोटोच्या बाजूच्या ओळीचं कारण वेगळं. तिथे उरलेली जागा दोन सेंमीच्या आसपास होती, ओळीत एकच शब्द मावत होता, आणि `Single Word Justification` हे `Full Justify` वर होतं. शब्दांमधे ताणायला जागाच नाही, म्हणून अक्षरंच ओढली गेली. ते आता `Align Left` केलं आहे. पण खरा उपाय आकड्यांत नाही. जिथे ओळीत सरासरी तीन शब्दही मावत नाहीत, तिथे मराठी मजकूर जस्टिफाय करायचाच नाही. डावीकडे सरळ, उजवीकडे मोकळा सोडायचा. काही संपादकांना ते बातमीच्या पानावर अर्धवट वाटतं, हे मला माहीत आहे. तरी फोटोकॅप्शन, चौकटी आणि फोटोला वळसा घालणाऱ्या ओळी यापुढे मोकळ्याच ठेवू द्या, अशी तुम्हाला विनंती आहे. फोटो पूर्ण कॉलमभर घेतला तर वळसाच पडत नाही, तोही मार्ग आहे.

पान 2, 3 आणि 5 या पद्धतीने पुन्हा लावून ठेवली आहेत. सोमवारी न्यूजप्रिंटवर प्रूफ काढून तुमच्या कार्यालयात पाठवतो. स्क्रीनवर बघू नका, कागदावरच बघा. या तीन पानांच्या पानलावणीचे पैसे बिलातून वजा केले आहेत. तुमच्याकडून एकच मदत हवी: तालुक्यातल्या गावांची, संस्थांची आणि नेहमी छापून येणाऱ्या आडनावांची यादी द्या, म्हणजे कुठला शब्द कुठे तुटलेला चालेल आणि कुठला अजिबात तोडायचा नाही हे पुढच्या अंकाआधी तुमच्यासोबत बसून ठरवता येईल.