परदेशातून: पाच वर्षं झाली, पण केलं काय?

“दादा, क्वालिटीतल्या मुलीला पाच वर्षं झाली. लिंक्डइनवर टाकतोय, म्हणजे नवीन मुलांना कंपनी चांगली वाटेल. ‘आमच्या कुटुंबाच्या आधारस्तंभाला हार्दिक शुभेच्छा! तुमची निष्ठा प्रेरणादायी!’ चालेल? टॅग मात्र करत नाही, चाकणवाले पळवतील.”

मामेभावाचा भोसरीत छोटा कारखाना आहे. त्याचा मजकूर भोसरीतल्या कुठल्याही माणसाखाली चिकटवता येईल, हीच त्याची खोट. शिवाय फीडमध्ये पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं दाबून उघडावं लागतं. त्या ओळी शुभेच्छांत गेल्या की पुढचं कोण वाचतो! नोकरी शोधणाऱ्याला एवढंच बघायचं असतं, की इथे पाच वर्षांत माणूस कुठून कुठे जातो.

मी त्याला विचारलं, तिने नेमकं केलं काय? त्याला सांगता येईना. सांगितलं वहिनीने, पगारपत्रकं तीच बघते. त्यावरून हे लिहिलं:

“आमच्याकडे आता प्रत्येक गेजवर पुढच्या कॅलिब्रेशनची तारीख असते. पूर्वी ती वहीत असायची आणि वही सापडायची नाही. ही पद्धत आमच्या क्वालिटी इन्स्पेक्टरने स्वतःहून बसवली. डिप्लोमा करून ट्रेनी म्हणून आली होती; आज दोन नवीन मुलांना ती मोजमाप शिकवते. पाच वर्षं झाली, अभिनंदन!”

हे आधी भावाने स्वतःच्या प्रोफाइलवरून टाकावं. कंपनीच्या पेजला मोजकेच फॉलोअर. त्याला मात्र अर्धी भोसरी ओळखते.

फोटोत ती टेबलाशी हसतेय आणि मागे ग्राहकाचं ड्रॉइंग, पार्ट नंबरासकट! गुप्ततेचा करार असेल तर एवढ्यावरून ऑर्डर जाऊ शकते. जर्मनीत माझ्या ऑफिसात असा फोटो टाकण्याआधी लेखी संमती घेतात. माणसाचं चित्र त्याच्या परवानगीशिवाय छापू नये, हा इथला कायदाच १९०७ सालचा आहे. “नको” म्हणणारे निघतात, आणि त्यांना कोणी कारण विचारत नाही. भाऊ म्हणाला, “आपल्याकडे कोण नाही म्हणतं?” मालकाने समोर उभं राहून विचारल्यावर कोण म्हणेल! म्हणून वहिनीने विचारावं, तेही व्हॉट्सॲपवर. (मामा मध्येच म्हणाले, मला निवृत्तीला घड्याळ दिलं होतं, तेही बंद. त्याचाही फोटो टाका.)

टॅगवरून दोघांचं अजून जुंपलेलं आहे. भावाची भीती अगदीच पोकळ नाही, भरती करणारे अशा पोस्टी चाळतात. पण नाव न घेतल्याने ती लपत नाही, तिचं स्वतःचं प्रोफाइल आहेच. वहिनीचं म्हणणं निराळं: पाच वर्षं भरली म्हणजे ग्रॅच्युइटीचा हक्क लागला, आता सोडून जाताना ती रक्कम बुडायची भीती नाही. शिवाय प्रोफाइलवर ती अजून ‘ट्रेनी’च आहे, कारण बढतीचं पत्र कधी दिलंच नाही. कॅप्शन वाचून कोणी तिच्या नावावर टिचकी मारली, तर आधी तेच दिसणार.

पत्र या आठवड्यात निघेल असं भाऊ म्हणतोय. वहिनीने पगाराचा आकडाही पुढे ठेवलाय, त्यावर तो अजून काही बोललेला नाही.