वर्गाची सरासरी 14 वर न्यायची? बसा, सांगतो

नववीचा वर्ग, पट 48, गणिताची 20 गुणांची घटक चाचणी, सरासरी 11.5. आता शिक्षक सभेत उभं राहा आणि ठणकावून सांगा, "पुढच्या वेळी माझ्या वर्गाची सरासरी 14!" टाळ्या पडतील. टाळ्या थांबायच्या आत खाली बसा, कारण 'पुढच्या वेळी' म्हणजे नेमकं काय, हे कोणी विचारलं तर पंचाईत होईल.

पंचाईत अशी. नुसती पुढची चाचणी धरली तर हिशोब सरळ आहे. आज वर्गाचे एकूण गुण 48 गुणिले 11.5, म्हणजे 552. हवेत 48 गुणिले 14, म्हणजे 672. अख्ख्या वर्गाने मिळून 120 गुण जास्त आणायचे. पण निकालपत्रकात दोन्ही चाचण्या धरून सरासरी 14 दाखवायची असेल तर पहिल्या चाचणीची तूटही दुसरीनेच भरायची. दोन्हींची बेरीज 28 हवी, 11.5 होऊन गेले, म्हणजे दुसरीत सरासरी 16.5. वाढ 120 नव्हे, 240 गुणांची. म्हणून ध्येय जाहीर करताना 'सरासरी 14' एवढंच म्हणावं. त्या दोन शब्दांत 120 गुणांचा फरक आरामात लपतो.

खरा कसबी शिक्षक याहून पुढे जातो. तो तीन चाचण्या 11.5 वर जाऊ देतो आणि चौथीच्या तोंडावर 'वर्षाची सरासरी 14' जाहीर करतो. चार चाचण्यांचे मिळून 56 हवेत, तिन्हींचे झाले 34.5, उरले 21.5. म्हणजे मुलांनी 20 पैकी सरासरी साडेएकवीस गुण आणायचे. इथे घाबरू नका. पेपर काढणारे तुम्हीच आहात, पण पेपर कितीही सोपा काढला तरी तो 20 चाच असतो, हे वर्गाला सांगायची गरज नाही. मुलं प्रयत्न करत राहतील आणि अपयश त्यांचं ठरेल.

आता 120 चं वाटप. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: 'प्रत्येकाने फक्त अडीच गुण वाढवायचे.' 120 भागिले 48, बरोबर अडीच, हिशोबाला कोणी बोट लावू शकत नाही. वर्गातल्या आठ मुलांना आधीच 18 आहेत आणि त्यांना जास्तीत जास्त दोनच गुण वाढवता येतात, ही बाब किरकोळ समजा. ते अर्धा-अर्धा गुण कमी पडतील, तो आठ जणांचा चार गुणांचा बोजा उरलेल्या 40 जणांवर पडेल. तोही फारसा जड नाही, डोई एक दशांश गुण. मात्र वर सांगितलेलं 240 चं ध्येय घेतलं असेल तर ही किरकोळ बाब अंगावर येते. तिथे प्रत्येकाने पाच गुण वाढवायचे असतात. 18 वाले आठ 20 वर अडकतात, 15 वाले बारा जेमतेम 20 ला टेकतात. या वीसही जणांना पैकीच्या पैकी मिळाले, असं धरलं तरी उरलेल्या 28 जणांना सरासरी 14 आणावे लागतात. आज त्यांची सरासरी 8.14 आहे. पण पालकसभेत या 28 जणांचा विषय काढू नये, वातावरण बिघडतं.

जादा तास घ्यायचेच असतील तर त्या 18 वाल्या आठ जणांचे घ्या. ती मुलं वेळेवर येतात, वह्या नीट असतात, आणि तुम्ही शिकवलेलं त्यांना आधीच येत असल्याने तुमचाही आत्मविश्वास वाढतो. आठही जणांनी 20 पैकी 20 आणले की वर्गाच्या खात्यात 16 गुण जमा होतात आणि सरासरी 11.5 वरून 11.83 वर झेप घेते. उरलेले 104 गुण 10 वाल्या सोळा, 7 वाल्या आठ आणि 3 वाल्या चार मुलांकडे पडून असतात, पण तिकडे कोण जाणार?

एक गोष्ट कटाक्षाने टाळा: तपासलेल्या उत्तरपत्रिका प्रश्नवार पुन्हा चाळू नका. समजा चाळल्यात, आणि असं दिसलं की दोन चलांतील रेषीय समीकरणांवरचं तीन गुणांचं शाब्दिक उदाहरण त्या आठ जणांनी सोडवलं आणि बाकी 40 जणांनी कोरं ठेवलं, तर? 40 गुणिले 3 म्हणजे 120. अख्खं ध्येय एका प्रश्नात सापडलं की मग सबबी उरत नाहीत. मग शाब्दिक उदाहरण वाचून 'क्ष' कशाला मानायचं, 'य' कशाला, दुसरं समीकरण कुठल्या वाक्यातून निघतं, एवढंच चार तास शिकवत बसावं लागेल. शिवाय पुढच्या चाचणीत अर्थनियोजनाचा धडा आला की शाब्दिक उदाहरणं तिथेही असतातच, म्हणजे हे शिकवलेलं वाया जाण्याचीही सोय नाही. तरीही कोणी 120 च्या 120 मिळतील असं समजू नये. 3 वाली चार मुलं दोन समीकरणं मांडतील आणि ती सोडवताना चिन्ह चुकवतील. मांडणीचा एखादा गुण द्यावा लागेल, तेवढाच.

शिकवण्याचा त्रास नको असेल तर सर्वांत खात्रीचा उपाय ऐका. यात एकाही मुलाला एकही गुण वाढवावा लागत नाही. चाचणीच्या दिवशी 3 वाली चार मुलं घरी राहिली, तर 44 जणांची सरासरी 12.27. पाठोपाठ 7 वाली आठ राहिली, तर 36 जणांची 13.44. आता 10 वाल्यांपैकी फक्त पाच जणांना ताप यायला हवा. उरलेल्या 31 जणांचे गुण 434, आणि 434 भागिले 31 म्हणजे बरोबर 14. वर्गाचे एकूण गुण 552 वरून 434 वर आले, पण बेरजेचा रकाना कोण बघतं?

एक्सेलमध्ये मात्र काळजी घ्या. गैरहजरांच्या चौकटी कोऱ्या ठेवा किंवा 'गैरहजर' असं लिहा. खालचं सूत्र कोरी चौकट आणि मजकूर मोजतच नाही:

```
=AVERAGE(C2:C49)
```

कोणा कष्टाळू लिपिकाने तिथे शून्य भरलं की तेच सूत्र 434 ला 48 ने भागतं आणि 14 चे 9.04 होतात. निकालपत्रक कपाटात, किल्ली तुमच्याकडे.

एवढी मुलं आजारी पाडणं जमलं नाही, तरी एक सवलत शिल्लक आहे. सरासरीच्या चौकटीत दशांश स्थळ एकही दाखवू नका. मग 13.5 सुद्धा पडद्यावर 14 दिसतात आणि 672 ऐवजी 648 गुणांत भागतं. वाढवायचे उरतात 96. बाकीचे 24 गुण दशांशचिन्हाने आणून दिले. फक्त चौकटीवर कोणी टिचकी मारून शेजारी 'गुणिले 48' करून बघणार नाही, याची तजवीज ठेवा, कारण उत्तर 672 येत नाही.