ओमाचा कॅट: एका प्रतिक्रियेला उत्तर

आजी पत्त्यांवरून नातीचं भविष्य सांगते, त्या माझ्या कथेवरची प्रतिक्रिया: «कथेची सुरुवात छान, पण शेवटी फसवणूक झाल्यासारखं वाटलं. नात सरळ विचारते, 'तो माझ्याशी लग्न करेल का?' आणि आजी म्हणते, 'ढगांची काळी बाजू त्याच्याकडे आहे.' हे काय उत्तर झालं? टॅरोमधली प्रेमी, मृत्यू ही पानं कुठं गेली? ३६च पत्ते का? शिवाय तुम्हाला हवे तेच पत्ते नेमके शेजारी शेजारी पडतात. आणि नात पुन्हा मांडायला सांगते तेव्हा आजीचा नकार अगदी नाटकी.»

प्रेमी आणि मृत्यू ही पानं कॅटातून हरवलेली नाहीत, कारण हा टॅरो नाहीच. टॅरोत ७८ पानं असतात. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या या ओमाकडे, म्हणजे आजीकडे, आहे तो लनोर्मां कॅट, आणि तो ३६ पत्त्यांचाच असतो. त्याचं मूळही भविष्यात नाही, खेळात आहे. साधारण १८०० च्या सुमारास न्यूरेंबर्गमध्येच योहान कास्पार हेख्टेल यांचा 'आशेचा खेळ' निघाला. ३६ चित्रं सहा-सहाच्या चौकोनात मांडायची, दोन फासे टाकायचे आणि सोंगटी पुढे न्यायची. पोहोचायचं असे ३५ व्या घरातल्या नांगरापर्यंत, नांगर म्हणजे आशा. पॅरिसची प्रसिद्ध भविष्यवेत्ती लनोर्मां १८४३ मध्ये वारली आणि त्यानंतर खपासाठी तिचं नाव या चित्रांना चिकटवलं गेलं. कथा न्यूरेंबर्गमध्ये घडते ती यासाठीच.

बऱ्याच लनोर्मां पत्त्यांवर चित्राच्या वर एक छोटा साधा पत्ताही छापलेला असतो. त्यामुळे पडताळून पाहायचं असेल तर घरातला रमीचा कॅट पुरे. दुर्रीपासून पंजीपर्यंतचे सोळा पत्ते बाजूला काढा, उरतात ३६. इस्पिक एक्का म्हणजे बाई, बदाम एक्का म्हणजे पुरुष, किलवर एक्का अंगठी, बदाम गुलाम हृदय, किलवर राजा ढग, इस्पिक सत्ती पत्र आणि इस्पिक दश्शी जहाज. कथेपुरतं एवढं बास. एक अडचण मात्र येईल. किलवर राजाला काळी-उजळ बाजू नसते, आणि ओमाचं सगळं वाक्य त्या बाजूवरच उभं आहे.

ढगांचा पत्ता नीट पाहिला तर आकाश एका कडेला गडद आणि दुसऱ्या कडेला उजळ रंगवलेलं दिसतं. या कॅटासोबत येणाऱ्या जुन्या छापील सूचनांमध्ये नियम स्पष्ट आहे: उजळ बाजू माणसाकडे असली तर शुभ, काळी असली तर लवकरच काहीतरी अप्रिय. ओमाच्या पत्त्यात काळी बाजू उजवीकडे आहे. मांडणी आठ-आठच्या चार ओळींची आणि खाली उरलेल्या चार पत्त्यांची. तिसऱ्या ओळीत चौथ्या जागी बाई, पाचव्या जागी पत्र, सहाव्या जागी ढग, सातव्या जागी पुरुष आणि आठव्या जागी जहाज. म्हणजे एकच ढग दोघांच्या मध्ये आहे, पण उजळ बाजू नातीकडे आणि काळी त्याच्याकडे. अडचण तिच्या मनात नाही, त्याच्या बाजूला आहे, हे ओमा वाचते. यात गुळमुळीत काही नाही.

आता अंगठी. जुना नियम सांगतो की अंगठी माणसाच्या उजवीकडे असली तर सुखाचं लग्न, डावीकडे आणि लांब असली तर बिघाड. इथं ती नातीच्या उजवीकडेच आहे, पण दुसऱ्या ओळीत सातव्या जागी, म्हणजे नेमकी पुरुषाच्या डोक्यावर. वाचणाऱ्यांमध्ये रूढ संकेत असा की माणसाच्या वर पडतं त्याचं ओझं त्या माणसाला वाटतं आणि खाली पडतं ते त्याच्या हातात असतं. नातीच्या खाली हृदय आहे. तिचं प्रेम तिच्या ताब्यात, लग्नाचा विचार त्याच्या डोक्यावर. 'हो, होईल' म्हणायला अंगठीची बाजू पुरेशी होती, पण तिची जागा तसं म्हणू देत नाही.

जहाजावर मला वाटतं तुमची नजर ठरली नाही, आणि खरं उत्तर तिथंच आहे. ओमाच्या कॅटातली बाई आणि पुरुष दोघंही उजवीकडे बघतात. त्यामुळे तो नातीकडे पाठ करून जहाजाकडे बघतोय. जहाज म्हणजे प्रवास, व्यापार, दूर जाणं. त्या तरुणाला हॅम्बुर्गची नोकरी आलीय हे कथेत आधीच येऊन गेलंय. म्हणून ओमा शेवटी म्हणते, «अंगठीचं विचारू नकोस, आधी हॅम्बुर्गचं विचार.» दुसऱ्या एखाद्या कॅटात पुरुष डावीकडे बघणारा छापलेला असता, तर तोच पत्ता त्याच जागी पडूनही तो ढगांकडे आणि तिच्याकडे तोंड करून उभा राहिला असता आणि हे वाक्य बदललं असतं. नजरेची दिशा न बघता पाठ केलेले अर्थ लावणं ही नव्या शिकणाऱ्यांची नेहमीची चूक.

हवे ते पत्ते शेजारी पडण्याबद्दल. या मांडणीत बाई आणि पुरुष एकाच ओळीत पडण्याची शक्यता साधारण १९ टक्के आहे, पाचांत एकदा. शिवाय त्यांच्या मध्ये ढग येणं अर्थातच बरंच दुर्मिळ. कथा शंभर संध्याकाळींतून एक उचलते, तेवढी सूट मी घेतलीय. पण हातचलाखीची शंका कथेतच धरली आहे. हृदयाच्या पत्त्याचा कोपरा दुमडून पांढरा पडलाय, म्हणजे तो मागूनही ओळखू येतो, आणि जुन्या कॅटाची मोठी खोट हीच असते. म्हणूनच ओमा स्वतः पत्ते पिसत नाही. ही खूण माहीत नसलेल्या नातीला ती पत्ते टेबलावर पालथे पसरून दोन्ही हातांनी कालवायला लावते. हातात घेऊन फर्रकन पिसले तर जुन्या पुठ्ठ्याचे थर सुटतात, हे दुसरं कारण. पत्ते खरोखर योगायोगानेच पडतात आणि ओमालाही ते ठाऊक आहे. हॅम्बुर्गचं तिनं नातीच्या तोंडून ऐकलंय, पत्त्यांनी फक्त ते कुठं ठेवायचं ते दाखवलं.

उरला नकार. पुन्हा मांडली असती तर अंगठी डावीकडेही पडली असती, आणि नातीपुढे एकमेकांविरुद्ध दोन उत्तरं आली असती. त्यातलं आवडतं ती निवडणार, आणि आवडतं आलं नाही तर तिसऱ्यांदा मांडायला लावणार. वाचणारे म्हणूनच एका प्रश्नाला एक मांडणी ठेवतात आणि परिस्थितीत काही बदललं तरच नवी मांडतात. इथं बदल म्हणजे पत्र. ते पाचव्या जागी नातीला चिकटून आहे. पत्राजवळ काळे ढग म्हणजे दुःख असं जुनं वचन आहे, पण पत्राला लागलीय ती ढगांची उजळ कड. बातमी येईल, अर्धीमुर्धी असेल, पण वाईट नसेल, असं तिचं वाचन. त्याचं उत्तर येईपर्यंत दुसऱ्या मांडणीला विचारण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ओमानं कॅटाला दोरा बांधला.