भाव : आकारानुसार

मालवणी खानावळीच्या मेनूकार्डावर भातापासून सोलकढीपर्यंत प्रत्येक पदार्थापुढे आकडा छापलेला असतो. पापलेटापुढे मात्र ‘आकारानुसार’ एवढाच शब्द असतो. हा शब्द वाचून भाव विचारणारे काही लोक असतात, आणि न विचारता मासा मागवून जेवणभर मनातल्या मनात बिलाची बेरीज करत बसणारेही असतात. मी जन्मापासून दुसऱ्या जातकुळीतला आहे. त्यामुळे मंगळवारी सकाळी, रोजच्या मीटिंगमध्ये कोणीतरी ‘काल काय केले आणि आज काय करणार’ हे सांगत असताना, लिंक्डइनवर एका रिक्रूटरबाईंचा पहिला संदेश आला, तेव्हा माझी जी अवस्था झाली ती ओघानेच झाली.

पद खरोखर चांगले होते. व्यापाऱ्यांना ग्राहकांकडून आलेले ऑनलाइन पैसे त्यांच्या बँकखात्यात पोहोचवणाऱ्या सेटलमेंट यंत्रणेचे काम होते. बँकेची नोंद आणि आपली नोंद यांत एका पैशाचा जरी फरक पडला, तरी तो शोधून काढणारी रिकन्सिलिएशनची व्यवस्था नव्याने उभारायची होती. गेली चार वर्षे मी हेच करत आहे, आणि ते नव्याने उभारण्याची संधी मिळावी म्हणून कितीतरी वेळा झुरलो आहे. संदेशात कामाचे वर्णन सविस्तर होते, शहर पुणे होते, आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात यावे लागेल हेही स्पष्ट होते. कंपनीचे नाव ‘एक नामवंत फिनटेक क्लायंट’ असे होते आणि वेतनापुढे लिहिले होते, ‘बेस्ट इन द इंडस्ट्री’. पैशापैशाचा हिशोब जुळवणाऱ्या माणसाच्या शोधात निघालेल्यांनी त्याच्या स्वतःच्या पैशांचा आकडा मात्र सोडून दिला होता.

संदेशाखाली तयार उत्तरांची बटणे होती. एका बोटाने ‘रस आहे’ म्हणता आले असते, पण असे म्हणणे म्हणजे पापलेट तळायला टाका म्हणण्यासारखेच. मी बटणांकडे पाहत राहिलो आणि माझी पाळी आल्यावर काल काय केले हे मला सांगता आले नाही.

संध्याकाळी पहिला मसुदा लिहिला. त्यात आभार दोनदा होते, माझ्या नऊ वर्षांच्या अनुभवाचा इतिहास होता, सोबत सीव्ही होता, आणि शेवटी ‘वेतन ही माझ्यासाठी दुय्यम बाब आहे’ असे वाक्य होते, जे कोणी लिहिले हे मला अजूनही कळलेले नाही. ते वाचून स्वतःचीच कीव आली, म्हणून दुसरा मसुदा लिहिला. त्यात ‘बजेट किती?’ असे दोनच शब्द होते. ते वाचताना मी रिक्षावाल्याशी बोलत असल्याचा भास झाला.

बाबा सोफ्यावर बसून हे सर्व पाहत होते. ते जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले आहेत. त्यांनी विचारले, “वेतनश्रेणी काय आहे?”

“दिलेली नाही, बाबा.”

“मग जाहिरात अपूर्ण आहे,” असे म्हणून त्यांनी विषय संपवला. त्यांच्या जगात ते खरेही आहे. सरकारी जाहिरातीत ‘एस-१४ : ३८,६००–१,२२,८००’ असे स्वच्छ छापलेले असते आणि शिवाय ‘अधिक नियमानुसार भत्ते’ असतात. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२१ पासून आणि न्यूयॉर्क शहराने २०२२ च्या नोव्हेंबरपासून नोकरीच्या जाहिरातीत वेतनाची मर्यादा देणे मालकांवर बंधनकारक केले आहे. खराडीच्या खासगी कार्यालयांना असे कोणतेही बंधन नसल्यामुळे आमच्याकडे ‘आकारानुसार’ चालते.

शेवटी वहिनीला फोन केला. वहिनी एका कंपनीत भरतीचे काम पाहते आणि त्याआधी सहा वर्षे कन्सल्टन्सीत होती, म्हणजे स्वयंपाकघर तिने आतून पाहिलेले आहे. तिने दोन्ही मसुदे ऐकून घेतले, पहिल्यावर हसली आणि दुसऱ्यावर जास्त हसली.

“भाऊजी, आधी हे लक्षात घ्या की त्या बाईंना आकडा माहीत असतो. पद उघडतानाच बजेट मंजूर झालेले असते. त्याशिवाय शोध सुरूच होत नाही. विचारले म्हणून कोणी रागवत नाही. उलट, तुमची अपेक्षा बजेटच्या बाहेर आहे हे चौथ्या फेरीनंतर कळले, तर तिचाच महिना वाया जातो.”

“मग त्या लिहीत का नाहीत?”

“आकडा लिहिला की तुम्ही वरचाच धरून बसता. बत्तीसपर्यंत म्हटले की कोणाला सव्वीस ऐकू येते का?”

मला खरोखरच आले नसते. वहिनीने पुढे असेही सांगितले की कन्सल्टन्सीला क्लायंटकडून मिळणारे शुल्क बहुधा उमेदवाराच्या वार्षिक पॅकेजच्या टक्क्यांत असते, ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार, हा आपल्याकडचा नेहमीचा दर. त्यामुळे माझा पगार वाढला तर त्या बाईंचे नुकसान नसते. मात्र माझ्यासाठी भांडून चार टक्के जास्त मिळवण्यापेक्षा पद लवकर भरून दुसऱ्याकडे वळणे त्यांना केव्हाही परवडते. आणि मी उत्तर द्यायलाच संकोचतो आहे हे ऐकून तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली. अनोळखी माणसाला पाठवायचा असा इनमेल मोजून मिळतो, आणि समोरच्याने ९० दिवसांच्या आत उत्तर दिले तर, ते ‘नको’ असे असले तरी, तो परत खात्यात जमा होतो. थोडक्यात, त्या बाईंना माझ्या गप्प बसण्याचाच काय तो तोटा होता, आणि मी सभ्यता म्हणून नेमका तोच तीन तास करत होतो.

रात्री साडेदहाला तिसरा मसुदा गेला. मूळ इंग्रजीचा मराठीत भावार्थ असा : “संदेशाबद्दल धन्यवाद. गेली चार वर्षे मी पेमेंट्सच्या रिकन्सिलिएशनवर काम करत असल्यामुळे या पदात मला रस आहे. पुढे बोलण्यापूर्वी कंपनीचे नाव आणि या पदासाठी मंजूर असलेली वेतनमर्यादा कळवावी. त्यात फिक्स्ड किती आणि व्हेरिएबल किती, हेही सांगावे. दोन्ही जुळत असेल तर गुरुवारी किंवा शुक्रवारी साडेपाचनंतर फोनवर बोलता येईल.” सीव्ही जोडला नव्हता. वहिनीचे म्हणणे असे की रस का आहे हे एका वाक्यात सांगितले की पैशांचा प्रश्न उद्धट वाटत नाही, आणि वेळ दिली की तो टाळाटाळही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. त्यात माझ्या एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. ‘प्लीज शेअर सीसीटीसी, ईसीटीसी, एनपी,’ एवढेच होते. म्हणजे सध्याचे पॅकेज, अपेक्षित पॅकेज आणि नोटीस पिरियड. मी दुखावलो. वहिनी म्हणाली, दुखावण्यासारखे काही नाही, तिच्यासमोर एक्सेलची ट्रॅकर शीट आहे आणि त्या तीन रकान्यांत काही भरल्याशिवाय ती तुमचे नाव क्लायंटला पाठवू शकत नाही. सध्याचे पॅकेज खोटे सांगण्याचा विचार मनात आला होता, तो तिने तिथेच खुडला. पुढे तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ मागतातच. खोटे सांगू नये, पण पहिल्याच दिवशी खरे सांगायचीही सक्ती नाही. आणि अपेक्षा सांगताना ‘अठ्ठावीस ते बत्तीस’ असे मुळीच म्हणू नये, कारण रकान्यात फक्त अठ्ठावीस जाते.

त्यामुळे मी नोटीस पिरियड साठ दिवस असल्याचे तत्काळ कळवले, कारण ते लपवण्यात अर्थ नव्हता, आणि पुढे लिहिले की पदाची वेतनमर्यादा समजल्यावर माझी अपेक्षा एका आकड्यात सांगतो. हे पाठवताना हात थरथरत होता. तासाभराने उत्तर आले : ‘बजेट अप टू ३२, ऑल इन्क्लुसिव्ह.’

माझे सध्याचे पॅकेज चोवीस लाख, सगळे फिक्स्ड. चोवीसाचे बत्तीस म्हणजे तेहतीस टक्क्यांची वाढ. मी दहा मिनिटांत कोथरूडात आणखी एका खोलीचा फ्लॅट घेऊन टाकला. मग ‘ऑल इन्क्लुसिव्ह’ या शब्दांचा अर्थ विचारला. त्यात पंधरा टक्के व्हेरिएबल होते आणि दोन लाखांचा जॉइनिंग बोनस होता, जो फक्त पहिल्या वर्षी मिळणार होता आणि वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास परत करायचा होता.

वीजबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब मांडला. बत्तीसातून व्हेरिएबलचे चार लाख ऐंशी हजार गेले आणि बोनसचे दोन लाख गेले. उरले पंचवीस लाख वीस हजार. त्यात मूळ वेतन सुमारे दहा लाख धरले, तर कंपनीने भरायचा बारा टक्के पीएफ, एक लाख वीस हजार, तोही याच आकड्यात बसवलेला. आणि मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी, सुमारे अठ्ठेचाळीस हजार, हीसुद्धा. कायम नोकरीत पाच वर्षे काढल्यावर जी हातात पडते, ती पहिल्याच वर्षी पॅकेजमध्ये मोजलेली असते. हे सर्व वजा केल्यावर महिन्याला सुमारे एक लाख शहाण्णव हजार उरले, आणि त्यातून माझ्या वाट्याचा पीएफ आणि आयकर अजून जायचाच होता. याच रीतीने आताचा पगार मांडला तर एक लाख साडेशहाऐंशी हजार. तेहतीस टक्क्यांचा तो राजेशाही फरक महिन्याला साडेनऊ हजारांवर आला होता. व्हेरिएबल मिळाले तर वर वेगळे. पण मिळालेच तर.

मासा डोके, शेपटी, काटे आणि खाली पसरलेला कोबी यांसकट वजनात घेतला होता.

मी लिहिले, “माझी अपेक्षा फिक्स्ड २९ आहे, बोनस आणि व्हेरिएबल वगळून.” उत्तर आले, ‘विल चेक विथ क्लायंट.’ त्यानंतर तीन दिवस काहीच आले नाही. कंपनीचे नाव अद्याप सांगितलेले नव्हते, आणि सीव्ही अद्याप माझ्याजवळच होता.

शनिवारी दुपारी दुसऱ्या एका कन्सल्टन्सीच्या गृहस्थांचा संदेश आला. नामवंत फिनटेक क्लायंट, पुणे, आठवड्यातून तीन दिवस कार्यालय, आणि रिकन्सिलिएशनच्या वर्णनातली वाक्ये स्वल्पविरामासह तीच. वेतनापुढे ‘नो बार फॉर द राइट कँडिडेट’ असे होते. वहिनीला दाखवले तेव्हा ती म्हणाली, “म्हणून तर कंपनीचे नाव आधी विचारायचे, भाऊजी. दोघांनीही तुमचा सीव्ही एकाच क्लायंटकडे टाकला की शुल्क कोणाचे यावरून भांडण लागते, आणि ती कटकट नको म्हणून क्लायंट उमेदवारच बाजूला ठेवतो.”

या वेळी उत्तर लिहायला चार मिनिटे लागली. त्यातले एक मिनिट, बाबांनी मागून वाकून वाचत “फिक्स्ड म्हणजे मूळ वेतन का?” असे विचारल्यामुळे गेले.